लोखंडी बाटली फुटेपर्यंत काय बोलायचं?

लंडनच्या अल्बमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशन नावाची संस्था आहे. तिथे 1825 पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्यानं होतात. 1860 च्या नाताळात मायकेल फॅरडे तिथे शेवटची मालिका देत होता. तेव्हा तो 69 वर्षांचा होता आणि सहा व्याख्यानांचा विषय होता मेणबत्ती. तिसऱ्या व्याख्यानात त्याने ओतीव लोखंडाच्या दोन जाड बाटल्या काठोकाठ पाण्याने भरल्या, स्क्रूची झाकणं घट्ट आवळली आणि त्या बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवून दिल्या. आतल्या पाण्याचं बर्फ झालं की लोखंड फुटणार होतं. केव्हा फुटणार, हे मात्र खुद्द फॅरडेलाही सांगता येत नव्हतं. बाटली बंद, लोखंड अपारदर्शक, आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही आणि समोर सभागृहभर मुलं बसलेली. आता बाटली फुटेपर्यंत बोलायचं काय?

प्रयोग दाखवत व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. पाणी उकळायला वेळ लागतो, वायू गोळा व्हायला वेळ लागतो, रंग बदलायला वेळ लागतो. संहिता लिहिताना या जागा बहुतेक वेळा कोऱ्या राहतात, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रयोगाचा शेवट असतो. मग प्रत्यक्ष मंचावर "अजून थोडा वेळ लागेल हं" हे वाक्य चार-पाच वेळा ऐकू येतं, मागच्या रांगा आपसांत बोलायला लागतात आणि प्रयोग नेमका यशस्वी होतो त्या क्षणी निम्म्या माना दुसरीकडे वळलेल्या असतात. फॅरडेने ही जागा कशी भरली ते आपल्याला शब्दशः कळू शकतं. ही व्याख्यानं तो बोलत असतानाच उतरवून घेतली गेली आणि विल्यम क्रुक्सने 1861 मध्ये ती पुस्तकरूपात आणली. बोलणं मध्येच कुठे तुटलं, टेबलावर काय घडलं, हेही त्यात कंसांत नोंदलेलं आहे. प्रात्यक्षिकाची संहिता लिहिणाऱ्याने तिसरं व्याख्यान हातात घड्याळ असल्यासारखं वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी वाट का पाहावी लागते ते समजून घेऊ, कारण बोलणं त्यातूनच निघतं. नुसत्या बर्फाने पाणी गोठत नाही. वितळणारं बर्फ शून्य अंशावर अडून राहतं आणि बाटलीतलं पाणीही फार तर शून्यापर्यंत येतं. कुटलेल्या बर्फात मीठ मिसळलं की मिश्रणाचं तापमान शून्याच्या खाली जातं. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ असं वजनी प्रमाण नीट जमलं, तर ते उणे 21 अंशांच्या आसपास पोचू शकतं. ही थंडी लोखंडाच्या जाड भिंतीतून आत शिरते आणि पाणी भिंतीलगत गोठायला सुरुवात होते. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. बाटलीत हवेचा मोठा बुडबुडा राहिला असेल तर वाढणारं बर्फ त्याला दाबून आपल्यापुरती जागा करतं आणि काहीच फुटत नाही. म्हणून बाटल्या भरताना हवा राहू न देण्याची काळजी घेतली होती. जागाच नसेल तर आतला दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पटींवर चढत जातो. ओतीव लोखंड दाबाखाली चांगलं टिकतं, पण ताण सोसत नाही, वाकतही नाही. ते तडकतं. तो क्षण भिंतीची जाडी, ओतकामातला एखादा बारीक दोष, मीठ किती नीट मिसळलंय अशा गोष्टींवर ठरतो. त्यामुळे अंदाज बांधता येतो, वेळ देता येत नाही.

फॅरडेने पहिली गोष्ट केली ती अशी की, बाटल्या मिश्रणात गेल्यानंतर लगेच त्याने काय होणार ते सांगून टाकलं. बाटलीतलं पाणी आणि बाहेरचं बर्फ यांचा एकमेकांशी संबंध येणार नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाईल. प्रयोग घाईने करतोय, पण जमला तर थोड्या वेळाने फुटल्याचा आवाज ऐकू येईल. मग बाटल्या उघडून बघू, तेव्हा लोखंडाच्या कवचात न मावणारं बर्फ दिसेल. पुष्कळ लोक म्हणतील की यात गंमत गेली, शेवट आधीच सांगितला. मला हा निर्णय अगदी बरोबर वाटतो. घटना कानाने कळणार असेल आणि तिची वेळ अनिश्चित असेल, तर श्रोत्यांना काय ऐकायचं ते माहीत असायलाच हवं. नाहीतर आवाज झाल्यावर मुलं दचकतील आणि मग त्यांना मागे नेऊन सगळं समजवावं लागेल. आधी सांगितलं की त्यांचा एक कान बाटलीकडे लागून राहतो आणि दुसरा बोलणाऱ्याला मोकळा मिळतो. फॅरडेने त्याच दमात एक प्रश्नही सोडला: बर्फ पाण्यावर तरंगतं ते का, याचा विचार करा. उत्तर लगेच त्यानेच दिलं की, बर्फ ज्या पाण्यापासून बनतं त्या पाण्याहून ते जास्त जागा व्यापतं, म्हणून हलकं ठरतं. म्हणजे बाटली का फुटणार याचं कारण मुलांच्या हाती पडलं होतं आणि तेही बाटली फुटण्याआधी.

इथून पुढचा भाग सर्वांत शिकण्यासारखा आहे. बाटल्या थंड होत असताना त्याने बोलायला दुसरा विषय काढला नाही. इंग्लंडचा हिवाळा, लोखंडाच्या खाणी, स्वतःच्या लहानपणच्या आठवणी, यांतलं काहीही चाललं असतं, मुलांनी ऐकलंही असतं. तो पाण्याकडेच राहिला, फक्त उलट बाजूने गेला. टेबलाच्या एका टोकाला पाणी गोठत होतं, दुसऱ्या टोकाला त्याने पाणी उकळायला ठेवलेलं होतं. काचेच्या चंबूच्या तोंडावर घड्याळाच्या काचेसारखी एक खोलगट काच ठेवली होती. पाणी उकळू लागल्यावर ती भातावरच्या झाकणासारखी थडथडू लागली. थडथडतेय म्हणजे आतून काहीतरी बाहेर ढकलतंय, चंबू वाफेने भरून वाहतोय, आणि तरी चंबूतलं पाणी फारसं कमी झालेलं दिसत नाही. म्हणजे थोड्याशा पाण्याची वाफ पुष्कळ जागा व्यापते. मग पत्र्याच्या एका भांड्याकडे त्याने लक्ष वेधलं, त्यातून वाफेचा झोत येत होता. वाफेवर काच किंवा कुठलीही थंड वस्तू धरली की ती ओली होते, हे दाखवलं. शेवटी वाफेने भरलेलं पत्र्याचं भांडं बंद करून त्यावर गार पाणी ओतलं. भांडं तिथल्या तिथे आत चेपलं.

इथे एक गोष्ट लक्षात येते. वाट पाहायला लावणारे प्रयोग त्याने तीन केले आणि ते एकमेकांत गुंफले. गोठणाऱ्या बाटल्यांची वाट पाहताना उकळणारं पाणी दाखवायचं, ते उकळेपर्यंत बर्फ का तरंगतं ते सांगायचं. एकाची रिकामी वेळ दुसऱ्याच्या कामी येते. हे सुचायला मोठी प्रतिभा लागते असं नाही, पण संहिता लिहिताना घटनांच्या क्रमाऐवजी वेळेच्या क्रमाने विचार करावा लागतो. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागणार ते आधी सुरू होतं, समजावून सांगण्यात त्याची पाळी नंतर असली तरीही.

यानंतर फॅरडेने टेबलावर दोन घन दाखवले, एक घनफुटाचा आणि त्याच्या शेजारी एक घनइंचाचा. एवढ्याशा पाण्याची एवढी मोठी वाफ होते आणि थंडी दिली की एवढी मोठी वाफ पुन्हा एवढ्याशा पाण्यात मावते, असं तो सांगत होता. एका घनफुटात 1728 घनइंच असतात आणि पाण्याची वाफ होताना आकारमान साधारण 1700 पटींच्या घरात वाढतं, त्यामुळे हे दृश्य हिशेबालाही बरोबर आहे. नेमक्या त्या वेळी पहिली बाटली फुटली. त्याने बोलणं जिथल्या तिथे सोडलं, बाटली दाखवली, तिच्या कुशीत इंचाच्या आठव्या भागाएवढी रुंद फट पडल्याचं सांगितलं. तेवढ्यात दुसरीही फुटली आणि गोठवण्याचं मिश्रण चहूकडे उडालं. जवळजवळ अर्धा इंच जाडीचं लोखंड बर्फाने फोडल्याचं त्याने मुलांना दाखवलं. मग तो म्हणाला की इथे बाटलीभोवती आपण छोटासा हिवाळा तयार केला, कॅनडात किंवा उत्तरेकडे गेलात तर बाहेरची थंडीच हे काम करून देईल.

बाटली घनांच्या दृश्यात फुटली त्याने नुकसान काहीच झालं नाही, आणि हे नशिबाने झालेलं नाही. त्या दोन-तीन वाक्यांत जे चाललं होतं ते कुठेही तोडता येण्यासारखं होतं. बाटली का फुटते हे समजायला जे लागतं, म्हणजे हवा नाही, जागा नाही, बर्फ मोठं होतं, ते सगळं आधी बोलून झालं होतं. वाट पाहताना जे बोलायचं त्यावर मी हीच एक कसोटी लावते: हे वाक्य अर्ध्यावर तुटलं तर पुढचं काही अडतं का? अडत असेल तर ते वाक्य प्रतीक्षेच्या आधी गेलं पाहिजे. प्रतीक्षेत ठेवायची ती अशी वाक्यं, की पूर्ण झाली तर विषय समृद्ध करतील आणि राहिली तरी पुढची वाट बंद करणार नाहीत. लांब गोष्ट, जिचा अर्थ शेवटच्या वाक्यात उघडतो, ती तिथे अजिबात नको. दोन-दोन, तीन-तीन वाक्यांचे स्वतंत्र तुकडे हवेत.

आता हेच आपल्याकडच्या एखाद्या वर्गात, सातवी-आठवीच्या मुलांपुढे कसं लिहायचं ते पाहू. लोखंडी बाटल्या नकोत. त्यांचे तुकडे उडू शकतात. फॅरडेच्या पत्र्याच्या भांड्याचा प्रयोग मात्र थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात छान होतो. तीनशे-साडेतीनशे मिलिलिटरचा रिकामा डबा, त्यात मोठा चमचाभर म्हणजे पंधरा मिलिलिटर पाणी, स्पिरिटचा दिवा किंवा छोटी गॅसची शेगडी, डबा पकडायला सांडशी आणि शेजारी गार पाण्याने भरलेलं घमेलं. पाणी उकळून वाफ जोरात यायला लागली की डबा झटक्यात उलटा करून तोंड घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचं. धडाम्‌ आवाज होतो आणि डबा चुरगळतो. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळायला दोन-तीन मिनिटं जातात, गॅसवर त्याहून कमी. ही वेळ आदल्या दिवशी त्याच दिव्यावर, तेवढंच पाणी घेऊन मोजायची आणि संहितेच्या समासात लिहायची. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे किती बोलणं लिहायचं ते ठरतं.

इथे शेवट सांगायचा नाही. बाटलीच्या उलट, ही घटना आपल्या हाताने, आपण ठरवू त्या क्षणी होणार आहे. तेव्हा मुलांना अंदाज बांधायला लावण्यात फायदा आहे. संहितेच्या डाव्या रकान्यात हातांचं काम आणि उजव्या रकान्यात बोलणं असतं. डावीकडे "डबा दिव्यावर ठेवला" असं लिहिल्यावर उजवीकडचं बोलणं साधारण असं चालेल:

"मुलांनो, डब्यात मी किती पाणी घातलं ते पाहिलंत, एक चमचा. बाकी डब्यात आत्ता काय आहे? बरोबर, हवा. आता सांगा, हा अख्खा डबा फक्त वाफेने भरायचा असेल तर किती पाणी पुरेल? अर्धा चमचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. पाव चमचा? चार थेंब म्हणणारं कुणी आहे का?"

चार थेंब हेच उत्तर आहे. एका ग्रॅम पाण्याची उकळत्या तापमानाला साधारण 1.7 लिटर वाफ होते. 330 मिलिलिटरच्या डब्याला 0.2 ग्रॅम पाणी पुरतं आणि थेंबाचं वजन साधारण 0.05 ग्रॅम धरलं तर चारच थेंब होतात. फॅरडेचे दोन घन आपल्या डब्यात हे असे येतात. मग चमचाभर पाणी कशाला, हा पुढचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. पंधरा ग्रॅम पाण्याची पंचवीस लिटर वाफ होऊ शकते, म्हणजे पंचाहत्तर डबे भरतील एवढी. हे जास्तीचं पाणी आतल्या हवेला तोंडातून हाकलून लावण्यासाठी आहे. थांबण्याचं कारण असं बोलण्यात आलं की त्या दोन मिनिटांत मुलं नुसती बसलेली नसतात. डब्यातली हवा बाहेर निघतेय, हे त्यांच्या मनात चालू असतं.

इथेच प्रयोग सर्वांत जास्त वेळा फसतो. डब्याच्या तोंडाशी पांढरं काहीतरी दिसलं की सादर करणारा घाईने डबा उलटतो. त्या वेळी आत अजून बरीच हवा असते. हवा थंड झाल्यावर आकसते, पण वाफेसारखी पाण्याच्या थेंबाएवढी होत नाही, त्यामुळे डबा कुशीत थोडासा बसतो किंवा नुसतं पाणी आत शिरतं. म्हणून पांढरा झोत जोरदार आणि सलग झाल्यावरही आणखी अर्धं-पाऊण मिनिट थांबायचं. ही जादा वेळ भरायला बोलणं हवंच आणि ते त्या झोताविषयी असावं:

"बघा, तोंडाच्या अगदी लगत काहीच दिसत नाही, पांढरं त्याच्या थोडं वर सुरू होतं. न दिसणारी जागा आहे ना, ती खरी वाफ. पांढरं दिसतं ते वाफेचं पुन्हा झालेलं पाणी, अगदी बारीक थेंब. मी सांडशीत धरून हा थंड चमचा त्यात नेते. काय झालं? ओला झाला."

हे मुलांना दिसावं म्हणून डब्यामागे काळा पुठ्ठा उभा करावा, पांढऱ्या भिंतीसमोर झोत हरवून जातो. हे बोलणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात डबा का चुरगळतो याचं अर्धं कारण मुलांनी आधीच चमच्यावर पाहिलेलं असतं: वाफ थंडीला लागली की तिचं पाणी होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाएवढा, हे डबा चुरगळल्यानंतर सांगायचं. आधी सांगितलं तर मुलं वाक्य ऐकतात. नंतर सांगितलं तर हातात चुरगळलेला डबा असतो आणि "पाण्याने ओढून घेतला" असं म्हणणाऱ्या मुलाशी खरी चर्चा होते.

डबा सांडशीत उचलला की मात्र बोलणं थांबवायचं. संहितेत तिथे उजव्या रकान्यात मी ठळक अक्षरांत "गप्प" असं लिहिते. शेवटचे चार-पाच सेकंद शब्दांनी भरले तर मुलं तोंडाकडे पाहतात, डब्याकडे नाही. डबा उलटताना "आता बघा हं" एवढंसुद्धा नको, कारण उलटा करण्याची हालचालच पुरेशी असते. आवाज विरल्यावरही दोन श्वास थांबावं, मुलांना आपसांत बोलू द्यावं. ती कुजबुज प्रयोगाविषयीच असते.

बोलण्याचा वेगही संहितेत लिहून ठेवावा लागतो. प्रतीक्षा लांबली की बोलणारा नकळत घाईत येतो, जणू भरभर बोलल्याने पाणी लवकर उकळेल. फॅरडेला हे स्वतःविषयी ठाऊक होतं. व्याख्यानाच्या वेळी "सावकाश" असा शब्द लिहिलेलं कार्ड त्याच्यासमोर असायचं. त्याच्या नजरेतून ते सुटलं आणि वेग वाढला, तर त्याचा मदतनीस अँडरसन ते उचलून त्याच्या पुढे ठेवायचा. तास संपत आला की "वेळ" असं दुसरं कार्ड यायचं. आपल्याकडे मदतीला एखादी विद्यार्थिनी असेल तर तिच्याकडे असं कार्ड द्यावं. त्याशिवाय एक तिसरंही द्यावं, त्यावर "झोत सलग" एवढंच. बोलणाऱ्याची पाठ डब्याकडे असली तरी तिचं लक्ष तोंडातून येणाऱ्या वाफेवर राहतं.

फॅरडेने बाटल्या दोन घेतल्या होत्या, एक नव्हे. आपणही डबे दोन घ्यावेत आणि दुसरा डबा पहिला दिव्यावर असतानाच चमचाभर पाणी घालून तयार ठेवावा. पहिला नीट चुरगळला नाही, तर संहितेत त्यासाठीही बोलणं लिहिलेलं असावं. "आत काय राहिलं असेल?" हा प्रश्न विचारायचा, मुलं "हवा" म्हणतात, दुसरा डबा दिव्यावर चढतो. या वेळी झोत सलग झाल्यापासून मुलांनाच मोठ्याने तीसपर्यंत मोजायला सांगायचं.